सर पुढे काय विचारतील? इथिक्सचा व्हायवा आणि अकोली जहांगीरची पऱ्हाटी

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेलं 'म्हणजे', 'काय की' थोडं कमी केलंय, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग थोडा घरगुती आहे. माझी मावसबहीण अकोल्याला अॅग्रीला आहे. तिचा इथिक्सचा व्हायवा होता. तोंडी परीक्षा, समोर दोन परीक्षक, एक केस द्यायची आणि तुमचं मत विचारायचं. विषयाचं नाव प्रत्येक कॉलेजात वेगळं असतं, कुठे प्रोफेशनल इथिक्स, कुठे ह्युमन व्हॅल्यूज, पण खेळ तोच. मी अमरावतीला असतो. ती सुट्टीत आली होती, तिला सोडायला मी बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत सोबत गेलो. गाडीत बसल्या बसल्या म्हटलं, चल, मी परीक्षक होतो.

मूर्तिजापूर येईपर्यंत ती रडकुंडीला आली होती. आणि चूक तिच्या अभ्यासाची नव्हती. तिचं पहिलं उत्तर एकदम चांगलं होतं. गाडी रुळावरून घसरली ती दुसऱ्या प्रश्नावर. इथिक्सच्या व्हायव्यात पहिला प्रश्न जवळजवळ सगळ्यांना येतो, कारण तो पाठ करता येतो. मार्क जातात ते 'बरं, मग...' ने सुरू होणाऱ्या प्रश्नांवर. आज फक्त त्या 'बरं, मग' बद्दल बोलू.

केस आम्ही घरचीच घेतली. १० जून २०१९. अकोला जिल्हा, अकोट तालुका, गाव अकोली जहांगीर. शेतकरी संघटनेचे ललित बहाळे यांच्या शेतात शेकडो शेतकरी जमले, पत्रकारांना आधीच सांगितलेलं होतं, आणि सगळ्यांसमोर एचटीबीटी कापसाचं बियाणं पेरलं. या बियाण्याला सरकारची मंजुरी नव्हती, आणि ते पेरणाऱ्यांना माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच पेरलं. नंतर गुन्हेही दाखल झाले. प्रश्न असा: हे नैतिकदृष्ट्या बरोबर होतं का?

ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं प्रथिन कपाशीच्या झाडातच तयार व्हावं म्हणून एका जिवाणूचं जनुक त्यात घातलेलं. ते आपल्याकडे २००२ पासून कायदेशीर आहे. एचटी म्हणजे वेगळं काम. ग्लायफोसेट नावाचं तणनाशक मारलं की शेतातलं सगळं हिरवं जळतं, तणासोबत पऱ्हाटीही. एचटी जनुक असलेली पऱ्हाटी तेवढी वाचते. म्हणजे निंदणाचा खर्च वाचतो. ज्यांनी जुलैच्या पावसात निंदणाला माणसं शोधली आहेत, त्यांना याचा मोह का होतो हे मी सांगायची गरज नाही. बाहेरचं जनुक घातलेलं बियाणं शेतात सोडायचं तर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या नियमांनुसार जीईएसी या केंद्रीय समितीतून जावं लागतं. एचटीबीटी त्यातून गेलेलं नाही. तरी गावोगाव ते मिळतं, आणि त्याला नावही पडलंय, चोर बीटी.

आता बहिणीचं पहिलं उत्तर. ती म्हणाली, "सर, मला हे बरोबर वाटतं. शेतकऱ्याला तंत्रज्ञान निवडायचं स्वातंत्र्य असलं पाहिजे. कायदा ते स्वातंत्र्य देत नसेल, तर उघडपणे कायदा मोडणं हा सत्याग्रह आहे."

छान आहे ना? ठाम आहे, तत्त्व आहे, आपल्या मातीतला शब्दही आहे. आता परीक्षकाच्या खुर्चीत बसून हेच उत्तर ऐका. मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला ते एखाद्या फंक्शनसारखं ऐकू येतं. यात एक माहिती आत जाते, एक नियम चालतो आणि एक निकाल बाहेर येतो. ते तपासायचं तर मी काय करीन? इनपुटमधली एकच गोष्ट बदलीन आणि निकाल काय येतो ते बघीन. परीक्षक नेमकं हेच करतात. म्हणून त्यांचे पुढचे प्रश्न आपल्याला आधीच शोधता येतात, आणि ते आपल्याच उत्तराच्या वाक्यांत लपलेले असतात.

आम्ही तिचं उत्तर वहीच्या एका पानावर लिहिलं आणि तीन शब्दांखाली रेघ मारली. 'स्वातंत्र्य', 'सत्याग्रह', 'शेतकरी'. प्रत्येक शब्दासाठी एकच प्रयोग, हा शब्द तसाच ठेवायचा आणि भोवतालची परिस्थिती बदलायची.

'स्वातंत्र्य' पासून. मी विचारलं, "बरं, मग उद्या एखादी कंपनी म्हणाली, आम्हाला तपासणीशिवाय कीटकनाशक विकायचं स्वातंत्र्य पाहिजे, तर?"

"नाही सर, ते चुकीचं."

"का? स्वातंत्र्यच तर मागत आहेत."

ती थांबली. मग म्हणाली, "असं कोन विचारते दादा?"

सगळेच विचारतात. इथे सुटायचा रस्ता एकच, आपलं तत्त्व आपणच लहान करायचं. 'स्वातंत्र्य असलं पाहिजे' हे फार मोठं वाक्य आहे, त्यात कोणीही शिरू शकतो. तिने बदलून लिहिलं, 'ज्याचा धोका मुख्यतः स्वतःवर येतो, त्या बाबतीत निवडीचं स्वातंत्र्य जास्त असावं.' आता कंपनी बाहेर पडली. पण लगेच नवा प्रश्न उभा राहतो, आणि तो परीक्षकाला सुचायच्या आत आपल्याला सुचला पाहिजे: पेरणीचा धोका खरंच फक्त पेरणाऱ्यावर येतो का?

इथे तिची अॅग्री कामाला आली. ग्लायफोसेट फवारताना वारा सुटला की फवारा धुऱ्याच्या पलीकडे जातो. शेजाऱ्याची तूर असेल, मूग असेल, साधी बीटी पऱ्हाटी असेल, तर ती जळते. म्हणजे शेजारी भरडला. दुसरं, चोर बीटीचं पक्कं बिल मिळत नाही. उगवलंच नाही तर तक्रार कुठे आणि कशावर करणार? म्हणजे पेरणाऱ्यावर येणारा धोकाही त्याने पूर्ण माहितीने पत्करलाय असं म्हणता येत नाही, कारण पाकिटात नेमकं काय आहे हे त्यालाच माहीत नसतं. हे ती सांगत होती आणि सांगता सांगता तिच्याच लक्षात आलं की आपली बाजू लंगडी होतेय. घाबरून म्हणाली, "मंग मी बाजू बदलू का?"

नको. इथे बाजू बदलणं ही सर्वात मोठी चूक असते, आणि दुसरी मोठी चूक म्हणजे ऐकलंच नाही असं दाखवून पहिलं वाक्य मोठ्या आवाजात परत म्हणणं. मधला रस्ता असा, जेवढं मान्य आहे तेवढं मोजून मान्य करायचं. "सर, शेजाऱ्याच्या नुकसानीचा मुद्दा मला मान्य आहे. त्यामुळे बिनमंजुरीचं बियाणं सगळीकडे पेरावं असं मी म्हणू शकत नाही. माझं म्हणणं त्या एका दिवशीच्या, जाहीर केलेल्या, एका शेतातल्या निषेधापुरतं आहे." बघा, बाजू तीच आहे, फक्त तिला कुंपण घातलंय. आणि हे कुंपण परीक्षकाने ढकलून ढकलून घालायला लावण्याऐवजी पहिल्याच उत्तरात असेल तर आणखी चांगलं.

आता 'सत्याग्रह'. हा शब्द वापरलात की समजा तुम्ही स्वतःहून पाच प्रश्न बोलावले. मला विचाराल तर वापरा, पण तयारीने. आपल्याकडे त्याची उदाहरणं शेजारीच आहेत. एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, पण खारपाणपट्टा आपलाच, विहिरीचं पाणीच खारट. त्या पाण्यातून मीठ काढून कायदा मोडला. बहिणीला हे माहीत नव्हतं, ऐकून ती खूश झाली, म्हणाली हेच सांगते. मी म्हटलं सांग, पण पुढचा प्रश्न ऐक.

"बरं, मग १९३० चं सरकार आपण निवडलेलं नव्हतं. २०१९ मध्ये मतदान होतं, कोर्ट होतं, अर्ज करायला समिती होती. तरी सत्याग्रह?"

हा प्रश्न येणारच. आणि परीक्षक वाचलेला असेल तर तो बाबासाहेबांचं नाव घेईल. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की संवैधानिक मार्ग उपलब्ध झाल्यावर कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग सोडले पाहिजेत. यावर बरेच जण हुशारी करतात, "पण सर, महाडला त्यांनीच सत्याग्रह केला होता की." ही हुशारी महागात पडते. महाडचं चवदार तळं सर्वांना खुलं करणारा ठराव तिथल्या नगरपालिकेने १९२४ मध्येच केलेला होता, आणि त्याच्या मागे मुंबई विधिमंडळाचा १९२३ चा बोले ठराव होता. २० मार्च १९२७ ला लोक पाणी प्यायले तेव्हा ते कायदा मोडत नव्हते, कायद्याने दिलेला हक्क वापरत होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कोर्टाचा मनाई हुकूम आला, तेव्हा बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं पुढे ढकललं. म्हणजे हे उदाहरण अकोली जहांगीरच्या बाजूने उभं राहत नाही, उलट जातं. उदाहरण द्यायच्या आधी ते कोणाच्या बाजूने बोलतं हे बघून घ्या, एवढंच.

मग उत्तर काय? आम्ही कुरुम ते मूर्तिजापूर याच्यावरच अडकलो होतो. शेवटी कायदेभंग कधी समर्थनीय ठरू शकतो याच्या नेहमीच्या कसोट्या काढल्या. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ च्या पुस्तकात त्या नीट मांडल्यात. कृती उघड असावी, अहिंसक असावी, सद्सद्विवेकातून आलेली असावी, कायदा किंवा धोरण बदलण्यासाठी असावी, आणि करणाऱ्याने शिक्षा टाळायचा प्रयत्न करू नये. अकोली जहांगीरला यातल्या बऱ्याच गोष्टी दिसतात. पत्रकार बोलावले होते, नावं लपवली नव्हती. तेव्हाच्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होता, हे डोक्यावर घेऊन लोक आले होते. (इथे एक बारीक खड्डा आहे. २०२३ च्या दुरुस्तीने त्या कलमातली कैद जाऊन आर्थिक दंड आला. 'पाच वर्षं शिक्षा आहे' असं वर्तमानकाळात बोललात तर परीक्षक तिथेच धरतो.)

आणि या कसोट्यांचा खरा फायदा वेगळाच आहे. त्या लावल्या की चोर बीटी आपोआप बाजूला पडतं. रात्री पाकिटं पोचवणारा आणि गुपचूप पेरणारा तोच कायदा मोडतो, पण उघडपणे नाही आणि धोरण बदलायलाही नाही. आता परीक्षकाने "मग चोर बीटी विकणाराही सत्याग्रहीच का?" असं विचारलं तर तुमच्याकडे चिडण्याचं कारणच उरत नाही, कारण फरक तुम्ही आधीच केलेला आहे. शांत राहणं शांत राहण्याने येत नाही हो. प्रश्न ओळखीचा असला की ते येतं.

तरी एक प्रश्न असा निघाला की तिथे आम्ही दोघंही गप्प झालो. एचटीबीटीचा अर्ज जीईएसीकडे होता. सरकारने तो नाकारला नव्हता. २०१६ मध्ये अर्जदार कंपनीनेच तो मागे घेतला, बियाणं-तंत्रज्ञानाच्या परवान्यांबाबत सरकार जे नियम आणू पाहत होतं त्यावरून वाद झाला म्हणून. "बरं, मग हा सत्याग्रह नेमका कोणाविरुद्ध? सरकारने तर नाही म्हटलंच नव्हतं." यावर असं म्हणता येतं की निषेध एका अर्जाबद्दल नव्हता, सगळ्या प्रक्रियेबद्दल होता. बीटी वांग्याला २००९ मध्ये जीईएसीने हिरवा कंदील दिला आणि फेब्रुवारी २०१० मध्ये मंत्र्यांनी ते स्थगित केलं, म्हणजे समितीतून पार पडूनही उपयोग नाही, अशी भावना शेतकऱ्यांमध्ये होती. हे उत्तर चालतं. पण प्रामाणिकपणे सांगतो, पूर्ण उत्तर नाही ते. अशा वेळी "हा मुद्दा माझी बाजू कमकुवत करतो, तरी मी तिच्यावर यामुळे राहते" असं म्हणायचं. हे वाक्य तोंडातून निघायला बहिणीला चार वेळा प्रयत्न करावा लागला. आपल्याला शाळेपासून सवय असते, उत्तरात कमी दिसली की मार्क कापले. इथिक्सच्या तोंडीत उलटं असतं. ज्याला आपल्या बाजूचं सर्वात वाईट माहीत आहे, त्याच्यावर परीक्षकाचा विश्वास बसतो.

माहितीच्या प्रश्नांवर फार वेळ घालवत नाही, पण एक सांगून ठेवतो. ग्लायफोसेटने कॅन्सर होतो का? हा प्रश्न आला की लोक एका बाजूला उडी मारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला 'बहुधा कर्ककारक' गटात टाकलं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं म्हणणं, कॅन्सर होण्याची शक्यता दिसत नाही. दोघं खोटं बोलतायत असं नाही. पहिली संस्था बघते की या पदार्थात तशी क्षमता आहे का, दुसरी बघते की प्रत्यक्ष वापरात माणसाच्या वाट्याला जेवढं येतं त्याने धोका होतो का. दोन वाक्यांत हा फरक सांगा आणि थांबा. आणि जे माहीत नाही त्यावर "हे मला माहीत नाही सर, पण ते असं असलं तर माझं मत बदलेल, तसं असलं तर नाही" म्हणा. नुसतं 'माहीत नाही' पेक्षा हे कितीतरी बरं, कारण मत कशावर टेकलंय ते त्यातून दिसतं.

राहिला तिसरा शब्द, 'शेतकरी'. मला वाटलं होतं हा सोपा आहे. मी विचारलं, "तुम्ही म्हणता शेतकऱ्याचा निंदणाचा खर्च वाचतो. तो खर्च म्हणजे कोणाची तरी मजुरी ना? कोणाची?"

निंदण आपल्याकडे बहुतेक बायका करतात. पावसाळ्याचे ते दोन-अडीच महिने म्हणजे कित्येक घरांचा हातातला पैसा. 'शेतकऱ्याचा फायदा' म्हणताना ती बाई आपल्या वाक्यात येतच नाही. इथे दोन्ही बाजूंनी खरं बोलता येतं. निंदण हे कंबरडं मोडणारं काम आहे, ते कोणाच्या पोरीने आयुष्यभर करावं असं कोणालाच वाटत नाही. आणि त्याच वेळी, दुसरं काम हातात नसताना ते काढून घेणं म्हणजे प्रगती म्हणून तिच्या ताटातून घेणं. बहीण म्हणाली, मग मजुरीसाठी तंत्रज्ञान थांबवायचं का? मी म्हटलं, हे तू मला विचारू नको, हे तुला ते विचारणार. आम्ही उत्तर असं बसवलं: तंत्रज्ञान थांबवावं असं मी म्हणत नाही, पण मंजुरीचा विचार करताना मजुरीवर होणारा परिणाम मोजला पाहिजे, फक्त पर्यावरण आणि आरोग्य नाही. हे बरोबर की चूक मला माहीत नाही, पण याला धरून ती उभी राहू शकत होती.

मग मी एक प्रश्न विचारला जो विचारायला नको होता असं त्या क्षणी वाटलं. "तुमच्या घरी लावलंय का चोर बीटी?"

ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. मूर्तिजापूर आलं, चहावाला येऊन गेला. मग म्हणाली, "हे पन विचारतीन का?"

विचारू शकतात. मुद्दाम लागायला नाही, पण ग्रामीण भागातल्या मुलांना परीक्षक सहज विचारतात, "तुमच्याकडे काय परिस्थिती?" आणि माणूस तिथे एक तर खोटं बोलतो, नाहीतर घरच्यांची वकिली करायला लागतो आणि आवाज चढतो. तिचे बाबा काय पेरतात हे मी इथे सांगणार नाही, आणि तिनेही तिथे सांगायची गरज नव्हती. आम्ही ठरवलेलं उत्तर हे: "सर, घरच्यांच्या निर्णयाबद्दल मी इथे बोलणार नाही, ते इथे नाहीत. पण मी कापूस पिकवणाऱ्या घरातली आहे, त्यामुळे माझा कल शेतकऱ्याच्या बाजूला जास्त असू शकतो, हे लक्षात ठेवूनच मी मत मांडते आहे." आपला हितसंबंध आपणच सांगून टाकला की तो समोरच्याच्या हातातलं हत्यार राहत नाही. आणि इथिक्सच्या परीक्षेत तेच तर तपासायचं असतं.

गाडी बोरगावच्या पुढे गेल्यावर आम्ही पूर्ण व्हायवा परत घेतला, यावेळी फोनवर रेकॉर्ड करून. ऐकताना दोन गोष्टी कळल्या, त्या तुम्हीही तपासू शकता. एक, ती प्रश्न संपायच्या आत उत्तर सुरू करत होती. भीतीपोटी होतं असं, आणि मग अर्ध्या प्रश्नाचं उत्तर जातं. त्यावर साधा उपाय ठरला, प्रश्न आपल्या शब्दांत परत म्हणायचा. "तुम्ही विचारताय की कोर्ट असताना कायदा का मोडायचा, बरोबर?" याने तीन-चार सेकंद मिळतात, आणि प्रश्न चुकीचा समजला असेल तर परीक्षकच दुरुस्त करतो. दोन, तिचं पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य एकाशेजारी ठेवून ऐकलं. पहिलं होतं, कायदा मोडणं बरोबर. शेवटचं होतं, खरं तर सरकारने लवकर निर्णय घ्यायला हवा होता. म्हणजे मधल्या सात-आठ प्रश्नांत ती हळूहळू सरकत सरकत वेगळ्याच गावी पोचली होती आणि तिला पत्ताच नव्हता. मत बदलायला हरकत नाही, पण बदललं तर तसं म्हणा. न सांगता सरकलात की परीक्षकाला वाटतं हा फक्त सुटका शोधतोय.

अकोला स्टेशनवर उतरेपर्यंत तिचं पहिलं उत्तर असं झालं होतं: "त्या दिवशीचा उघड निषेध मला समर्थनीय वाटतो, कारण तो जाहीर होता आणि परिणाम स्वीकारून केलेला होता. यावरून बिनमंजुरीचं बियाणं पेरावं किंवा विकावं असं निघत नाही. माझ्या बाजूचा सर्वात कच्चा दुवा म्हणजे शेजारचं शेत आणि निंदणाऱ्या बाया." आधीच्या उत्तराएवढं झणझणीत नाही. पण याच्या प्रत्येक वाक्याला धक्का मारून बघा.

व्हायवा झाला, तिने त्याच संध्याकाळी फोन केला. सत्याग्रहाचं विचारलं, शेजाऱ्याचं विचारलं, घरचं नाही विचारलं. बाबासाहेबांचं भाषण निघालं, महाड तिने स्वतःहून सांगितलं तेव्हा बाहेरून आलेल्या मॅडमनी मान हलवली म्हणे. सगळं आमच्या पानावर होतं. शेवटचा प्रश्न मात्र नव्हता. मॅडमनी विचारलं, "निंदणाऱ्या बायांबद्दल तुम्ही इतकं बोललात. त्यांच्यापैकी कोणाला कधी विचारलंत, त्यांना काय वाटतं?"

"मंग तू काय म्हटलं?"

"काय म्हणू? 'नाही मॅडम, नाही विचारलं' असं म्हटलं. आणि गप बसली."

मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, या तुम्ही. मार्क अजून लागले नाहीत. पोळ्याला ती घरी जाणार आहे, तेव्हा त्यांच्या वावरात येणाऱ्या मावशींशी बोलणार म्हणते. काय म्हणाल्या ते तिने रेकॉर्ड करू दिलं, आणि अर्थात मावशींनी हो म्हटलं, तर इथे ऐकवतो.